सोऱ्या कोथरूडला गेला

दसऱ्याला सांगलीला गेलो होतो, तेव्हा आजीच्या पितळी सोऱ्याचे आटे झिजून दांडा फिरवला की नुसताच गरगरू लागला होता. बाजारात तसा जड सोऱ्या मिळेना, म्हणून आजीने आयुष्यात प्रथमच मोबाइलवरून वस्तू मागवायचे ठरवले. चकत्या किती, चांदणीची आहे का, वजन किती, हे सारे तिने मला दोनदा वाचायला लावले. वस्तू हातात आल्यावरच पैसे द्यावेत, असे तिचे मत होते. मी मात्र हसून लगेच पैसे भरले. पत्ता तिने पत्रावर घालावा तसा सांगितला: मारुतीच्या देवळामागे, दुसरी गल्ली, निळे फाटक. मी तो टंकला आणि घाईत पुढचे बटण दाबले.

चार दिवसांनी, मी पुण्यात कॉलेजच्या तासाला बसलो असताना, एका अनोळखी माणसाचा फोन आला. "दादा, वॉचमनकडे ठेवू का? ओटीपी सांगा." मी दबक्या आवाजात चार आकडे सांगून टाकले.

संध्याकाळी आजी म्हणाली, काहीच आलेले नाही. पडद्यावर तर पोहोचल्याची हिरवी खूण होती, म्हणून मी तिला शेजारी विचारायला लावले. बिचारी भाजणी दळायची सोडून गल्लीतली सात घरे फिरून आली. परत आल्यावर तिने शांतपणे विचारले, "तो माणूस नेमके काय म्हणाला?" मी सांगितले. "अरे, आपल्या घराला वॉचमन कधी ठेवलास?"

मी धावत खाली गेलो. वॉचमनच्या टेबलाखाली माझ्या नावाचे खोके होते. नवा पत्ता मी जतन केला होता, पण निवडलेला राहिला होता तो जुनाच, कोथरूडच्या खोलीचा. पैसे रोखीने द्यायचे असते, तर वॉचमनने खिशात हात घालण्यापूर्वी मला नक्की फोन केला असता आणि चूक तिथेच उघडी पडली असती. आजीच्या हट्टातली ही सोय मला तेव्हा कळली.

खोक्यावर ४११०३८ असे ठळक छापलेले होते, आजीचा पिन ४१६४१६. दोन्हींची सुरुवात ४१ नेच होते, आणि पैसे भरताना मी त्यापुढे वाचलेच नव्हते. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही पद्धत आखली, त्यात पहिल्या तीन आकड्यांवरूनच टपालाची वाटणी होते. आजी इतकी वर्षे आंतर्देशीय पत्राच्या त्या सहा चौकटींत एकेक आकडा जपून लिहीत आली होती.

सोऱ्या मी दिवाळीच्या सुट्टीत एसटीने, मांडीवर घेऊन नेला. तोवर चकल्या शेजारच्या काकूंच्या सोऱ्याने पाडून झाल्या होत्या. आजीने नवा सोऱ्या हातात तोलला, दांडा दोनदा फिरवला, आटे नखाने चाचपले आणि म्हणाली, "चांगला आहे. आता पावती दाखव, कोणाचा पत्ता आहे बघू."