आमची वाटचाल : ढगाळ दिवसाचा लाल शेरा

सौर प्लांटची देखभाल करणारी आमची फर्म लहानच आहे. रोजची वीजनिर्मिती अपेक्षेशी ताडून पाहायची आणि कमी पडलेल्या दिवसावर लाल शेरा मारायचा, या कामावरच आम्ही उभे राहिलो. सुरुवातीला अपेक्षित आकडा म्हणून महिन्याची सरासरी धरायचो. मग ढगाळ दिवशी शेरे पडायचे आणि कडक उन्हात बंद पडलेली स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांची माळ, मात्र सहज निसटायची. ऊन मोजल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही, हे तेव्हा उमगलं.

पुढे पॅनेलच्याच कलाने ऊन मोजणारा पायरॅनोमीटर बसवला. हिशेब सोपा आहे. ५०० किलोवॅटच्या प्लांटवर दर चौरस मीटरला ५.६ युनिट ऊन पडलं आणि त्या प्लांटचं निरोगी गुणोत्तर, म्हणजे सगळं ठीक असताना उन्हाच्या हिशेबाने यायच्या विजेपैकी प्रत्यक्ष मिळणारा वाटा, ०.८० असेल, तर त्या दिवशी २,२४० युनिट यायला हवेत. उन्हाळ्यात पॅनेल तापतात आणि गुणोत्तर थोडं उतरतं, म्हणून प्रत्येक महिन्याचं वेगळं ठेवतो. घट चार टक्क्यांहून जास्त झाली की शेरा.

असाच एक प्लांट आठवडेच्या आठवडे बिनशेऱ्याचा चालला होता. पायरॅनोमीटर रोज ५.४ च्या आसपास दाखवायचा, अपेक्षा २,१६० यायची आणि प्रत्यक्षात २,१३० मिळायचे. दीड टक्क्याचीही घट नाही! एके सकाळी आमच्या तंत्रज्ञाने पायरॅनोमीटरची काच पुसली. त्या दिवशी आकाश आदल्या दिवसासारखंच निरभ्र होतं, निर्मितीही तेवढीच झाली, पण ऊन ५.६ आलं आणि घट पाच टक्क्यांवर गेली. पॅनेलवर धूळ होती तशीच काचेवरही होती, त्यामुळे अपेक्षाच खाली आली होती. आमचा शेरा आंधळा झाला होता आणि आम्ही ग्राहकाला सगळं ठीक असल्याचं कळवत होतो. त्याची खंत अजून आहे.

मग पाच इन्व्हर्टर एकमेकांशी ताडून पाहिले. पाचही सारख्या क्षमतेचे, प्रत्येकावर दहा स्ट्रिंग. चौघांचे ४३५ च्या आसपास युनिट होते, पाचव्याचे ३९१. दहा टक्के कमी म्हणजे नेमकी एक स्ट्रिंग. जाऊन पाहिलं तर पॅनेलखाली एक कनेक्टर वितळून काळा पडलेला. पूर्ण प्लांटच्या आकड्यात ही स्ट्रिंग फक्त दोन टक्क्यांची, म्हणून एकटी कधीच शेऱ्यापर्यंत पोचली नसती. उरलेली तीन टक्के घट पाचही इन्व्हर्टरांवर सारखी होती. ती धुळीची, पॅनेल धुतल्यावर भरून निघाली.

तेव्हापासून आमच्या तक्त्यात दोन शेरे आहेत. पहिला प्लांटचा, अपेक्षेविरुद्ध. दुसरा प्रत्येक इन्व्हर्टरचा, त्याच्या भावंडांविरुद्ध. ऊनमापक चुकला तरी हा दुसरा शेरा फसत नाही, पण सगळ्यांवर सारखी धूळ बसली तर तोही गप्प राहतो. म्हणून काच पुसल्याची तारीख त्याच तक्त्यात लिहितो आणि पुसण्याआधीचं व नंतरचं वाचन शेजारी शेजारी ठेवतो.