आमची वाटचाल: ट्रेनिंगचा तास कोणाच्या खात्यात?

आमच्या कॉल सेंटरमध्ये आम्ही बारा जण होतो तोवर रोस्टरची, म्हणजे कोणी कधी काय करायचं याच्या वेळापत्रकाची, गरज नव्हती. मान वर केली की कोण कॉलवर आहे आणि कोण ब्रेकला गेलंय, ते दिसायचं. एजंट चोवीस झाले तेव्हा मी एक एक्सेल शीट बनवली आणि तिच्यात केलेली एक चूक जवळजवळ वर्षभर चालू राहिली. प्रत्यक्ष फोनवर उपलब्ध असलेली मिनिटं भागिले पगाराची मिनिटं, या आकड्याला मी 'अ‍ॅडहिअरन्स', म्हणजे रोस्टरचं पालन, म्हणत होतो.

एका एजंटचा दिवस सांगतो. जेवणाची सुट्टी वगळून तिची शिफ्ट 480 मिनिटांची. त्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन ब्रेक आणि 11 ते 12 ट्रेनिंग, म्हणजे रोस्टरनुसार फोनवर 390 मिनिटं. त्या दिवशी ट्रेनरने वर्ग 12:20 पर्यंत लांबवला. दुपारी 3:30 चा ब्रेक तिने 3:40 ला घेतला, कारण ग्राहकाचा कॉल संपत नव्हता. फोनवर भरली 370 मिनिटं. माझ्या शीटमध्ये तिच्या नावापुढे 77 टक्के लागले आणि तो रकाना लाल झाला.

ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, तुम्हीच ट्रेनिंगला बसवता आणि तुम्हीच मार्क कापता. मग मी ट्रेनिंगला जाऊच नको का?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शीट पुन्हा चाळली, तर ज्यांचे आकडे चांगले होते त्यातले बरेच जण ट्रेनिंग टाळणारे होते. ते पाहून मला खरंच वाईट वाटलं.

अ‍ॅडहिअरन्सचा प्रश्न एवढाच असतो: रोस्टरमध्ये ज्या वेळी जे लिहिलंय, त्या वेळी माणूस तेच करत होता का? ट्रेनिंगच्या वेळी ट्रेनिंगमध्ये असणं हे शंभर टक्के पालन झालं. तिच्या दिवसात रोस्टर सोडून गेलेली मिनिटं अशी: वर्ग लांबला ती 20, ब्रेकच्या वेळी ती कॉलवर होती ती 10, आणि कॉलच्या वेळी ती ब्रेकवर होती ती 10. एकूण 40. म्हणून अ‍ॅडहिअरन्स 440 भागिले 480, सुमारे 92 टक्के. शिवाय या चाळीसपैकी एकही मिनिट तिच्या चुकीचं नव्हतं. टीम लीडरने दोन्ही नोंदी एक्सेप्शन म्हणून मंजूर केल्या की आकडा शंभर होतो.

पुढची गोष्ट कळायला मला आणखी वेळ लागला. एक्सेप्शनने तिचा अ‍ॅडहिअरन्स सुधारला, पण वर्गात गेलेली ती 20 मिनिटं फोनला परत मिळाली नाहीत. श्रिंकेजमध्ये ती धरावीच लागतात. पगाराच्या वेळेतली जी मिनिटं फोनला मिळत नाहीत ती सगळी श्रिंकेज, मग कारण कितीही रास्त असो. तिच्या दिवसाचं श्रिंकेज 110 मिनिटं, म्हणजे 23 टक्के. रोस्टर करताना आम्ही 90 मिनिटं, 19 टक्क्यांच्या आत, धरलं होतं. तेव्हापासून मंजूर झालेली मिनिटंही 'ट्रेनिंग' या कोडखालीच राहतात, पुसली जात नाहीत.

माणसांचा हिशेबही चुकत होता. सोळा जण फोनवर हवे आणि श्रिंकेज 25 टक्के, तर मी सोळात पाव भाग मिळवून वीस जण लावायचो. पण विसातून 25 टक्के गेले की पंधराच उरतात. सोळाला 0.75 ने भागायचं; येतात 21.3, म्हणजे बावीस माणसं.

बावीस लावूनही सकाळी 11 वाजता कॉल तुंबायचे. कारण 25 टक्के ही आठवड्याची सरासरी होती. 11 ते 11:30 या अर्ध्या तासात दोघं रजेवर, दोघं ब्रेकवर आणि सहा जण ट्रेनिंगला असायचे. फोनवर उरायचे बारा. त्या अर्ध्या तासाचं श्रिंकेज 45 टक्के होतं, आणि नेमके तेव्हाच सर्वांत जास्त कॉल यायचे. आता आम्ही श्रिंकेज अर्ध्या अर्ध्या तासाने मांडतो. ट्रेनिंग दुपारी 2 वाजता नेलं, जेव्हा फोनवर बारा जण पुरतात. सकाळी 11 ला आता अठरा जण फोनवर असतात.

आजारपणाच्या रजा आणि सिस्टिम बंद पडणं यांचा अंदाज अजून फसतो, त्यासाठी आम्ही मागच्या काही आठवड्यांची सरासरी वापरतो. ट्रेनरला मात्र रोस्टरमध्ये आता 75 मिनिटं दिली आहेत. वर्ग तासात संपला तर टीम लीडर लगेच रोस्टर बदलतो आणि सहाही जण पंधरा मिनिटं आधी फोनवर येतात.