एकाच कंपनीचे पांढरे आणि काळे पीएलए: तुम्ही विचारलंत म्हणून

“कंपनी तीच, पीएलए तेच, थ्रीडी प्रिंटरच्या स्लायसर सॉफ्टवेअरमधलं प्रोफाइलसुद्धा तेच. तरी काळा हुक मजबूत निघतो आणि पांढरा थरांतून सुटतो, असं का?”

थ्रीडी प्रिंटरमध्ये तारेच्या रूपात, म्हणजे फिलामेंट म्हणून, वापरल्या जाणाऱ्या पीएलए या प्लास्टिकला रंग येतो तो त्यात मिसळलेल्या एका निराळ्या पदार्थामुळे, आणि पांढऱ्या फिलामेंटमध्ये या पदार्थाचे प्रमाण काळ्यापेक्षा बरेच जास्त असते. फिलामेंट बनवणारा कारखाना पीएलएचे दाणे एक्स्ट्रुडरमध्ये टाकताना त्यांच्यासोबत मास्टरबॅचचे थोडे दाणे टाकतो. मास्टरबॅच म्हणजे एखाद्या वाहक प्लास्टिकमध्ये दाट मिसळलेले रंगद्रव्य. त्यात रंगाचे कण सुटे राहावेत म्हणून मेणासारखे एखादे साहाय्यक द्रव्यही घातलेले असते. त्यामुळे दोन रंगांच्या रिळांमध्ये रंगद्रव्य, त्याचे प्रमाण, त्याचे वाहक प्लास्टिक आणि हे साहाय्यक द्रव्य अशा चार गोष्टी वेगळ्या असू शकतात. खोक्यावर मात्र दोन्हींसाठी तापमानाची एकच पट्टी छापलेली असते, आणि ती इतकी रुंद असते की त्यातून नेमका आकडा कोणता घ्यावा, हे कळत नाही.

काळ्यासाठी कार्बन ब्लॅक वापरतात. हा कण प्रकाश शोषतो, त्यामुळे तो अगदी थोडा मिसळला तरी प्लास्टिक गडद होते. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. त्याला प्रकाश विखरून परत पाठवावा लागतो, आणि पातळ भिंतीतून पलीकडचे दिसू नये इतका प्रकाश विखरायला कण पुष्कळ लागतात. हा कण जडही आहे. पीएलएची घनता प्रति घन सेंटीमीटर १.२४ ग्रॅम असते, तर टायटॅनियम डायऑक्साइडची सुमारे ४.२ ग्रॅम. उदाहरणादाखल पांढऱ्या रिळात वजनाने ५ टक्के रंगद्रव्य आहे असे धरले, तर १.७५ मिलिमीटर जाडीच्या एक किलो फिलामेंटची लांबी सुमारे ३२३ मीटर भरते. रंग न घातलेल्या पीएलएची ती सुमारे ३३५ मीटर असते. दीड टक्का कार्बन ब्लॅक घातलेल्या काळ्या रिळाची लांबी जेमतेम दीड मीटरने कमी होते. रिळाचे वजन करून उरलेली लांबी मोजणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा.

मात्र या हिशेबात एक गोष्ट ध्यानात येते. वजनाने ५ टक्के असलेले हे पांढरे कण आकारमानाने केवळ दीड टक्का भरतात. कण एकमेकांपासून सुटे असतील, तर एवढ्याशा घन पदार्थाने वितळलेल्या प्लास्टिकचा घट्टपणा तीन-चार टक्क्यांनी वाढेल, आणि नोझलचे तापमान पाच अंशांनी वाढवले तर तो त्याहून कितीतरी जास्त कमी होईल. म्हणून ‘पांढऱ्यात भुकटी जास्त, म्हणून त्याला उष्णता जास्त’ हे नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. कण नीट सुटे झालेले नसणे, वाहक प्लास्टिक मूळ पीएलएपेक्षा पातळ किंवा घट्ट असणे, साहाय्यक द्रव्याने प्रवाह सैल होणे, या गोष्टींचा परिणाम कणांच्या निव्वळ संख्येपेक्षा मोठा असू शकतो. कार्बन ब्लॅकच्या बाबतीत तर कणांचा सूक्ष्मपणाही मोजावा लागतो, कारण हे कण काही दहा नॅनोमीटरचे असून साखळ्या करून राहतात आणि त्यामुळे थोड्या प्रमाणातही द्रव घट्ट करतात. टायटॅनियम डायऑक्साइडचा रंगासाठीचा कण साधारण पाव मायक्रॉनचा, म्हणजे त्याहून बराच मोठा असतो. म्हणूनच एका कंपनीचे पांढरे पीएलए काळ्यापेक्षा दहा अंश जास्त मागते आणि दुसऱ्या कंपनीत नेमके उलटे घडते. रंगावरून तापमान सांगणारा कोणताही सर्वसाधारण तक्ता या कारणाने फार भरवशाचा ठरत नाही.

आणखी एक समज येथेच दूर करायला हवा. काळा रंग उष्णता लवकर सोडतो, म्हणून काळा थर लवकर गार होतो, असे पुष्कळ जण मानतात. उन्हात काळी वस्तू जास्त तापते, हे खरे आहे, पण तो दृश्य प्रकाशाचा आणि त्याला लागून असलेल्या अवरक्त किरणांचा परिणाम आहे. दोनशे अंशांच्या आसपासचे प्लास्टिक जे किरण सोडते, ते त्याहून पुष्कळ लांब तरंगलांबीचे असतात, आणि त्या तरंगलांबीला पांढरे आणि काळे प्लास्टिक जवळजवळ सारखेच वागते. शिवाय प्रिंट होताना थर मुख्यतः पंख्याच्या हवेने गार होतो. नोझलच्या आत उष्णता धातूच्या स्पर्शाने पोहोचते, तिथे रंगाचा संबंध येत नाही.

मजबुतीकडे वळताना पीएलएचा एक गुण आधी समजून घ्यावा लागतो. पीएलएच्या लांब रेणूंना व्यवस्थित रांगेत बसून स्फटिक बनायला वेळ लागतो. प्रिंटमध्ये तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून वस्तूचा बहुतेक भाग अस्फटिकी राहतो. काही रंगद्रव्यांचे कण मात्र स्फटिकाला सुरुवात करून देणारी बैठक पुरवतात. इंजेक्शन मोल्डिंग करणाऱ्यांना हे जुने ठाऊक आहे: पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या वस्तूंमध्ये थॅलोसायनिन जातीची निळी आणि हिरवी रंगद्रव्ये घातली की त्याच साच्यातला माल वेगळा आकसतो आणि वाकतो. पीएलएवर हा परिणाम कितपत होईल, ते रंगद्रव्यावर आणि गार होण्याच्या वेगावर ठरते. अमेरिकेतील मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या विटब्रॉट आणि पिअर्स यांनी २०१५ मध्ये पीएलएच्या पाच रंगांचे नमुने ताणून पाहिले. वस्तूतील स्फटिकांचे प्रमाण आणि तिची ताणशक्ती यांचा, तसेच नोझलचे तापमान आणि स्फटिकांचे प्रमाण यांचा जवळचा संबंध त्यांना आढळला. रंग बदलला की योग्य तापमान बदलते, आणि तापमान बदलले की मजबुती बदलते, हा दुवा या कामातून स्पष्ट होतो.

पण ताणाची दिशा विसरून चालणार नाही. एका थराच्या आत थोडे जास्त स्फटिक असणे ताठपणाला उपयोगी पडते. याउलट दोन थर जुळण्यासाठी खालच्या थरातील रेणूंना वरच्या थरात शिरावे लागते, आणि ते शिरण्याआधीच स्फटिकात अडकले तर जोड कच्चा राहतो. त्यात नीट न फुटलेली रंगद्रव्याची गुठळी जोडाजवळ आली, तर तडा तिथूनच सुरू होतो. हुक उभा छापला की त्याचा सगळा भार थरांच्या जोडांवर येतो, म्हणून रंगांमधला जो फरक आडव्या छापलेल्या पट्टीत लक्षातही येत नाही, तो उभ्या हुकात उघड होतो.

हे घरी तपासता येते, आणि मी तेच सुचवतो. प्रथम दोन्ही रिळे ४५ ते ५० अंशांवर पाच-सहा तास सुकवून घ्यावीत, नाहीतर ओलाव्याचा दोष रंगाच्या माथी जातो. मग १० मिलिमीटर रुंद, ४ मिलिमीटर जाड आणि ६० मिलिमीटर उंच अशा पूर्ण भरीव पट्ट्या उभ्या छापाव्यात. पट्टी एकटी छापू नये. प्रत्येक वेळी चार पट्ट्या एकत्र ठेवाव्यात, म्हणजे दर थराला गार व्हायला सारखा वेळ मिळतो. काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही रंगांच्या पट्ट्या २००, २०५, २१०, २१५ आणि २२० अंशांवर काढाव्यात. पट्टीचे खालचे टोक व्हाइसमध्ये पट्टी आडवी राहील असे आवळावे. रुंद बाजू वर असावी, आणि जबड्यापासून ४० मिलिमीटरवर बादली टांगून तीत हळूहळू पाणी ओतावे. या मापांना २० न्यूटन भाराखाली, म्हणजे बादलीसकट सुमारे दोन किलो वजन झाले की, जबड्यापाशी ३० मेगापास्कल ताण येतो. त्यापुढे ताण वजनाच्या प्रमाणात वाढत जातो. तुटताना भरलेले वजन लिहून ठेवावे.

तुटलेली बाजू वजनाइतकेच सांगते. ती सपाट आणि चकचकीत असेल आणि तिच्यावर छापाच्या समांतर रेघा स्वच्छ दिसत असतील, तर थर जुळलेच नव्हते, नुसते चिकटले होते. ती खडबडीत असेल आणि तडा एका थरातून दुसऱ्यात उड्या मारत गेलेला असेल, तर जोड चांगला आहे. येथे काळा रंग एक मदत करतो: तुटण्याआधी प्लास्टिक ताणले जाते तेव्हा त्यात बारीक पोकळ्या पडून पांढुरकी झाक येते. काळ्यावर ती लगेच दिसते, पांढऱ्यावर दिसत नाही. त्यामुळे काळी वस्तू तुटण्यापूर्वी इशारा देते आणि पांढरी अचानक तुटते असे वाटते, पण हा फरक पुष्कळदा पाहण्यातला असतो, पदार्थातला नसतो.

आता हुकाचे उदाहरण घेऊ. समजा, काळ्याच्या पट्ट्या २०५ ला खडबडीत तुटतात आणि पुढे तापमान वाढवून वजन वाढत नाही, तर पांढऱ्याच्या पट्ट्या २०५ ला सपाट तुटून २१५ ला काळ्याच्या बरोबरीला येतात. मग पांढऱ्यासाठी स्लायसरमध्ये २१५ अंशांचे वेगळे प्रोफाइल करावे आणि प्रवाहाचे प्रमाणही नव्याने मोजावे, कारण पातळ झालेला द्रव कोपऱ्यांवर जास्त पसरतो. तापमान वाढवण्याऐवजी पंखा कमी करण्याचाही उपाय आहे, आणि लटकत्या भागांची गरज नसलेल्या हुकासाठी मला तो जास्त पसंत आहे, कारण थराला जुळायला अवधी मिळतो. २२० लाही पांढरे सपाटच तुटत असेल, तर दोष बहुधा रिळाच्या मिश्रणात आहे. तापमान आणखी चढवून तो जाणार नाही, उलट पीएलएचे रेणू तुटून जोड आणखी कच्चा होईल.

रंगद्रव्याचा आणखी एक परिणाम महिन्यांनंतर दिसतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा कण पितळापेक्षा कठीण असतो, त्यामुळे पांढरे फिलामेंट सतत वापरणाऱ्यांच्या पितळी नोझलचे छिद्र हळूहळू रुंदावते. कार्बन फायबर किंवा अंधारात चमकणाऱ्या फिलामेंटच्या मानाने ही झीज किरकोळ आहे. तरीही पांढऱ्याच्या कडा पूर्वीइतक्या रेखीव येत नसतील, तर प्रोफाइल बदलण्याआधी नोझल बदलून पाहावे. पांढऱ्या रंगात करपलेले कणही चटकन दिसतात. काळ्यानंतर लगेच पांढरे लावले की नोझलच्या आतील काळा अवशेष बराच वेळ बाहेर येत राहतो आणि रीळ खराब असल्याचा संशय उगाच येतो.

हुक खिडकीत, उन्हात लागणार असेल, तर निवडीचे निकष उलटतात. कार्बन ब्लॅक पीएलएला अतिनील किरणांपासून वाचवतो, पण काळा हुक उन्हात जास्त तापतो, आणि पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडते. विदर्भातल्या मे महिन्यात काचेमागे काळी वस्तू त्या तापमानाला सहज पोहोचू शकते. तिथे पांढरा रंग थोडा कमी तापेल, पण भार टांगायचा असेल तर रंगाचा विचार सोडून पीईटीजी किंवा एएसए हे जास्त उष्णता सोसणारे प्लास्टिक वापरावे.