तुम्ही विचारलंत म्हणून: डिझायनर छापखान्यात शोधा

"फ्रीलान्सर मिळतात कुठे, आणि हवं तसं काम त्यांच्याकडून करून कसं घेता?"

मी आधी छापखान्यात विचारते. फोंड्याला आमची लेबलं छापतात तिथल्या ऑपरेटरला विचारलं, कोणाच्या फाइलला तुम्हाला हात लावावा लागत नाही? त्यानं दोन नावं सांगितली. पोर्टफोलिओ सगळेच देखणे दाखवतात. फाइल न अडकता छापून निघते का, हे त्यालाच माहीत. पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून शिकलेली मुलंही चांगलं काम करतात, पण त्यांनी छापून घेतलेलं एखादं काम हातात घेऊन बघा. पहिलं काम छोटं द्या, आणि त्याचेही पैसे द्या.

ब्रीफमध्ये "पारंपरिक पण मॉडर्न" असं लिहिलं, तर काम बरोबर झालं की नाही हे ठरवणार कशावरून? आमच्या कोकम आगळाच्या बाटलीसाठी मी लिहिलं होतं: हातभर अंतरावरून आधी "कोकम आगळ" वाचता आलं पाहिजे, आमचं नाव त्यानंतर. गिऱ्हाईक आगळ शोधत येतं. आगळ गडद लाल, म्हणून लेबलचा रंग लाल नको. बॅच नंबर आणि तारखेची जागा लॅमिनेशनशिवाय, नाहीतर शिक्क्याची शाई पुसली जाते.

मजकूर मात्र डिझाइनच्या आधी पक्का हवा. लेखकाकडून आलेला मजकूर, घटक, एफएसएसएआय परवाना क्रमांक, एमआरपी हे सगळं एकाच फाइलमध्ये देते आणि तिथूनच कॉपी करायला सांगते. मागाहून दोन ओळी वाढल्या की अक्षरं बारीक होतात.

तपासणी स्क्रीनवर करत नाही. लेबल खऱ्या मापात साध्या कागदावर छापून बाटलीला गुंडाळते. गोल बाटलीवर समोरून साधारण तिसरा हिस्साच नीट दिसतो. नाव त्याच्या बाहेर गेलं तर तिथेच कळतं.

मग देवनागरी. इलस्ट्रेटरमध्ये सेटिंग चुकलं असेल तर "निव्वळ"मधली वेलांटी "न"च्या नंतर जाऊन बसते, जोडाक्षर सुटतं आणि खाली हलन्ताचा पाय दिसतो. मराठी न वाचणाऱ्या डिझायनरला ते जाणवतही नाही. Preferences मध्ये Type खाली Show Indic Options चालू करून, परिच्छेदाला South Asian कंपोझर लावायला सांगा. अक्षरांची आउटलाइन केल्यावर, म्हणजे शेवटच्या पीडीएफवर, ज्यानं मजकूर लिहिलेला नाही अशा माणसाकडून पुन्हा वाचून घ्या.

दुरुस्त्या एकत्र कळवते. दोन फेऱ्या दरातच ठरलेल्या असतात. उरलेले पैसे पीडीएफसोबत एडिट करता येणारी फाइल आल्यावर. कॉपीराइट आपल्या नावे करून देण्याचा करार लेखी हवा, आणि त्यात मुदत लिहाच. लिहिली नाही तर कायद्यानं ती पाच वर्षांचीच धरली जाते.