एकशे बत्तीस पडले, तरी पोरगं नापास

आमचं थोरलं पाचवीत होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही निपाणीचे. पोरगं मराठी शाळेत, आणि डोक्यात सैनिक शाळेचं खूळ. सहावीच्या प्रवेशासाठी अखिल भारतीय सैनिक शाळा प्रवेश परीक्षा असते. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी ३ गुण. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान यांचे २५-२५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. एकूण ३०० गुण, वेळ अडीच तास. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. पात्र ठरायला प्रत्येक विभागात किमान २५ टक्के आणि एकूण किमान ४० टक्के, दोन्ही लागतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ही अट नाही, आम्हाला होती.

ही 'दोन्ही'ची भानगड मला उशिरा कळली. डिसेंबरात घरी घड्याळ लावून पहिला पूर्ण सराव पेपर घेतला. गणित २४ बरोबर म्हणजे ७२, भाषा १६ बरोबर म्हणजे ३२, सामान्य ज्ञान ८ म्हणजे १६, बुद्धिमत्ता ६ म्हणजे १२. बेरीज १३२. तीनशेचे चाळीस टक्के १२०, म्हणजे वर बारा गुण. मी खूश. बायको म्हणाली, "अवो, बुद्धिमत्तेत बाराच पडल्यात. तिथं किती लागतात बघा की."

पन्नासाचे २५ टक्के साडेबारा. पोराला बारा. खरी परीक्षा असती तर अर्ध्या गुणासाठी १३२ वाया गेले असते.

त्यात आमच्या शिकवणीच्या मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पंचवीस टक्के म्हणजे पाव. पंचवीस प्रश्नांतले सहा, पन्नासातले बारा आले की काम झालं." ऐकायला बरोबर वाटतं. पण सहा प्रश्नांचे बारा गुण होतात आणि पाहिजेत साडेबारा. अर्धा प्रश्न सुटत नाही, म्हणून सात लागतात. गणितातही तसंच: १५० चा पाव ३७.५, बारा प्रश्नांचे ३६, म्हणून तेरा पाहिजेत. टक्क्यांत बोललं की हे दिसत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात टक्का हा शब्द बंद झाला, सगळं प्रश्नांत मोजायचं.

रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. आधी तळ: गणित १३ प्रश्न म्हणजे ३९ गुण, बाकी तिन्ही विभागांत ७-७ प्रश्न म्हणजे १४-१४. बेरीज ८१. म्हणजे चारही विभाग जेमतेम पार करूनसुद्धा १२० ला ३९ कमीच. हे उरलेले ३९ कुठूनही आणता येतात, गणिताचे तेरा प्रश्न जास्त सोडवून नाहीतर बाकीच्यांतले वीस. तळाचे ८१ मात्र जिथले तिथेच लागतात. भाषेतले जादा गुण बुद्धिमत्तेला उसने देता येत नाहीत.

मग पेपर परत काढून बुद्धिमत्ता का गेली ते बघितलं. पोराला येत नव्हतं असं नाही. गणित आवडतं म्हणून त्याने ते आधी घेतलं आणि पावणेदोन तास तिथेच बसला. उरलेल्या ४५ मिनिटांत ७५ प्रश्न. बुद्धिमत्ता शेवटी, तिचे दहा प्रश्न कोरे. गुण कापत नाहीत अशा परीक्षेत कोरे! रागावणार होतो, पण त्याला हे सांगितलंच कुणी नव्हतं.

मिनिटांचाही हिशेब केला. त्याला गणिताचं एक उदाहरण सरासरी दोन मिनिटं खातं, म्हणजे मिनिटाला दीड गुण. आकृत्यांची मालिका किंवा गटात न बसणारा शब्द पाऊण मिनिटात होतो, म्हणजे मिनिटाला अडीच गुणांच्या वर. गणिताला निम्मे गुण आहेत म्हणून ते सोडता येत नाही, पण ते शेवटी ठेवता येतं. आम्ही क्रम उलटा केला: भाषा २० मिनिटं, बुद्धिमत्ता २५, सामान्य ज्ञान १५, गणित ८०, आणि शेवटची दहा मिनिटं राहिलेले गोळे रंगवायला.

१२० वर थांबून चालणार नव्हतं. तो आकडा फक्त आत घेतो, पुढे जागा गुणानुक्रमानं मिळतात. आम्ही कर्नाटकातले रहिवासी, त्यामुळे राज्याच्या ६७ टक्के जागांचा हक्क आम्हाला विजापूरच्या सैनिक शाळेत. सातारा जवळचा आणि मराठी मुलखातला, पण तिथे आम्ही बाहेरच्यांच्या ३३ टक्क्यांत. सीमाभागात राहण्याचे असले हिशेब आम्हाला नवे नाहीत.

घरचं लक्ष्य २१० धरलं. वाटणी करताना सगळीकडे सारखे वाढवले नाहीत. गणित २४ वरून ३६, कारण अपूर्णांक आणि क्षेत्रफळ एवढे दोनच धडे कच्चे होते. बुद्धिमत्ता ६ वरून १८, कारण तिथे प्रश्नांचे प्रकार ठराविक असतात, सवयीनं सुटतात. भाषा १६ वरून २०. सामान्य ज्ञान ८ वरून फक्त १३, कारण त्याला अंत नाही, महिनाभर पाठ करून चार प्रश्न वाढतात. १०८, ३६, ४० आणि २६, बेरीज २१०.

माध्यमाचा गुंताही सोडवला. सहावीचा पेपर मराठीतही मिळतो, तो अर्ज भरतानाच निवडायचा असतो. शिकवणीतल्या सरावाचे कागद इंग्रजीत. पोराला लसावि, मसावि झोपेत येतात, पण 'एलसीएम' बघून ते थांबायचं. गणितात काही गुण अशा शब्दांपायी जात होते. बायकोने वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी असं लिहून दिलं आणि अर्जात मराठी टाकली.

सामान्य ज्ञानाची धास्ती शेवटपर्यंत राहिली. चार पर्यायांत डोळे मिटून पंचवीसही गोळे रंगवले तर सरासरी सव्वासहा बरोबर येतात. पाहिजेत सात. म्हणजे नुसत्या नशिबावर पार होण्याची शक्यता निम्म्याहून कमी. पण पाच पक्के येत असतील तर उरलेल्या वीसांत दोनच लागतात, आणि ते बहुतेक येतातच. म्हणून पोराला सांगितलं, "तिथं हुशारी नको, पाच पक्के कर आणि एकही गोळा मोकळा सोडू नकोस."

परीक्षेला बेळगावला गेलो. पहाटेची एसटी, संकेश्वरला चहा. दुपारी बाहेर आल्यावर पहिलं विचारलं, कोरे किती? "एक पण न्हाई."

निकालात विभागवार गुण आले: गणित १११, भाषा ४४, बुद्धिमत्ता ४२, सामान्य ज्ञान १६. एकूण २१३, शेरा पात्र. सामान्य ज्ञानात आठच बरोबर, डिसेंबरात होते तेवढेच, तळाच्या फक्त एक वर. तेरा धरले होते, त्यातले कमी पडलेले पाच गणित, भाषा आणि बुद्धिमत्तेनं भरून काढले. पण ती भरपाई बेरजेपुरतीच. आणखी दोन चुकले असते तर २०९ घेऊन घरी बसलो असतो.

विजापूरच्या पहिल्या फेरीत नाव नाही. दुसरीची वाट बघतोय. धाकटी पुढच्या वर्षी बसणार आहे, आणि तिचं बरोबर उलटं: सामान्य ज्ञान तोंडपाठ, गणितात तेरासुद्धा होत नाहीत. तिच्यासाठी कॅलेंडरचं नवीन पान काढलंय.