तुम्ही विचारलंत म्हणून: चिठ्ठीचा फोटो

“तू मेडिकलमध्ये असतेस ना? डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो टाकलाय. कसल्या गोळ्या आहेत, एवढं तर सांगशील?”

सांगते की. वाचता येतं तेवढं दर वेळी सांगते. आम्ही एकेक अक्षर लावत बसत नाही. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं, पुढचा आकडा, 1-0-1 की फक्त रात्री, आणि सोबत दुसरं काय दिलंय, यावरून नाव जुळवतो. एवढ्यावर औषध ओळखू येतंच, असं मीही पूर्वी ठामपणे म्हणायचे. बहुतेकदा येतंही.

पण मावशीची चिठ्ठी बघा. संधिवातासाठी पहिल्यांदाच दिलेली औषधं, फोटो शनिवारी रात्री आलेला, उजवी कड कापलेली. मधल्या ओळीत एचसीक्यू 200, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, स्वच्छ दिसत होतं. ते मोबाइलवर शोधून तिचा मुलगा घाबरला होता, “आईला मलेरिया झालाय का?” हे औषध मलेरियावर देतात तसं सांध्यांवरही देतात, हे मी खात्रीने सांगितलं. वरची आणि खालची ओळ मात्र दोन्ही ‘फॉल’ने सुरू होत होत्या आणि पुढे नुसती रेघ ओढलेली. एक फॉलिट्रॅक्स असणार, म्हणजे मेथोट्रेक्सेट. दुसरी फॉल्व्हाइट, म्हणजे फॉलिक अॅसिड. संधिवातात ही जोडी नेहमीची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज पोटात गेलं तर तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवशी देतात. कुठली ओळ कुठल्या वारी, ते नेमकं कापलेल्या कडेला गेलेलं.

“अंदाजे सांग गं, तुला काय कळत नाही का?” मावशी म्हणाली.

वरची ओळ मेथोट्रेक्सेटची, असा माझा अंदाज होता. तो मी तोंडातून काढला नाही. त्या दोन गोळ्या तूर्त सुरू करू नकोस आणि पूर्ण कागदाचा फोटो पाठव, म्हटलं. दुसऱ्या फोटोत कडेला ‘रवि’ दिसलं, पण दोन्ही ओळींच्या मधोमध. म्हणजे दवाखान्याला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मावशी रुसली. सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, वरची दर रविवारी, खालची दर सोमवारी.

अंदाज बरोबर निघाला, म्हणून मावशी अजून ऐकवते, “माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?” मला माहीत नव्हतं, मावशी. ही जोडी देतात हे माहीत होतं. तुझ्या कागदावर कुठे काय लिहिलंय, ते नाही.

तरीही ती वेळ त्यातल्या त्यात सोपी होती. आठवड्याची गोळी दोन दिवस उशिरा सुरू झाली तर फारसं बिघडत नाही, म्हणून थांब म्हणता आलं. फिटच्या गोळीची चिठ्ठी असती तर थांबण्यातच धोका होता. तिथे “जवळच्या सरकारी दवाखान्यात कागद घेऊन आत्ताच जा” म्हणेन. पण रात्री अकराला गाडी कुठून आणायची, असं समोरच्याने विचारलं तर माझ्याकडे आजही उत्तर नाही.