व्हिएतनामच्या बाजारात उपयोगी पडलेली औटकी

जानेवारी 2025 मध्ये मी नणंदेबरोबर व्हिएतनामला गेले होते. प्रवास, व्हिसा, हॉटेल यांत काहीही अडचण आली नाही. अडचण आली ती हो ची मिन्ह शहरातल्या एका मोठ्या बाजारात, पिशव्यांच्या एका गाळ्यावर, आणि त्याची चुटपुट मला आजही आहे.

निघण्यापूर्वी मी "300 डोंग म्हणजे 1 रुपया" एवढेच पाठ केले होते. ते चुकीचे नव्हते, पण उभ्या उभ्या 300 ने भागणे किती अवघड जाते, याचा विचार मी केला नव्हता. गाळ्यावरच्या बाईने तिच्या कॅल्क्युलेटरवर 850000 हा आकडा दाखवला. मध्ये स्वल्पविराम नाही, टिंब नाही, नुसती एकामागोमाग शून्ये. मी तो पंच्याऐंशी हजार असा वाचला, 300 ने भागून किंमत 280 रुपयांच्या आसपास धरली आणि घासाघीस करून 600000 वर सौदा ठरवला. माझ्या हिशेबाने ते 200 रुपये होते. नोटांवरही तीच शून्यांची रांग असल्याने 500000 ची एक आणि 100000 ची एक नोट मी पन्नास हजार आणि दहा हजार समजून दिली. रात्री खोलीवर पाकिटातले पैसे मोजले, तेव्हा कळले की ती पिशवी 2,100 रुपयांना पडली होती. आपल्याकडे तशी पिशवी 700 रुपयांत मिळते. त्या बाईने आकडा स्पष्ट दाखवला होता, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. पण मी हिशेब करत असताना ती दर क्षणाला नवा आकडा पुढे करत होती, त्या घाईचा राग मात्र अजून जात नाही.

त्याच रात्री मी कागद घेऊन बसले. चूक भागाकारात नव्हती, शून्ये मोजण्यात होती. म्हणून पहिला नियम असा केला की आकड्याची शेवटची तीन शून्ये अंगठ्याने झाकायची आणि उरेल तेवढेच वाचायचे. तिथले लोकही बोलताना "हजार" बहुधा गाळतात आणि पाट्यांवर 50k असे लिहितात, त्यामुळे आपला हिशेब त्यांच्या बोलण्याशी आपोआप जुळतो.

मग दर. बाजारभाव काय आहे यापेक्षा आपल्याला डोंग प्रत्यक्षात कितीला पडले, हे महत्त्वाचे. मी घरून निघताना एक डॉलर सगळा खर्च धरून 87.50 रुपयांना घेतला होता आणि तिथे त्याचे 25,200 डोंग मिळाले. 87.50 ला 25.2 ने भागले की हजार डोंगला 3.47 रुपये येतात, म्हणजे जवळजवळ साडेतीन. साडेतीन म्हणजे औट! आजोबा पावकी, निमकी, दिडकीबरोबर औटकी म्हणजे साडेतीनचा पाढाही घोकून घेत असत, ती इतक्या वर्षांनी उपयोगी पडली. 600 ची औटकी 2,100. औटकी येत नसेल, तर निम्मे करून सातने गुणावे: 600 चे निम्मे 300, साती 2,100. उत्तर खऱ्यापेक्षा किंचित जास्त येते, आणि खरेदीत ते फायद्याचेच असते.

दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात एका रेशमी ओढणीला 420 सांगितले. निम्मे 210, साती 1,470 रुपये. त्यानंतर मी प्रत्येक आकड्याचे रुपये करत बसले नाही. 50 उतरले की 175 रुपये वाचतात, एवढे एक माप मनात धरून सगळी घासाघीस डोंगमध्येच केली. 420 वरून 270 वर आलो, म्हणजे तीन वेळा 50 उतरले आणि 525 रुपये वाचले. ओढणी 945 रुपयांना पडली आणि मला मनापासून अभिमान वाटला.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवले: 20000 आणि 500000 या दोन्ही नोटा निळसर असतात. पहिली 70 रुपयांची, दुसरी 1,750 रुपयांची. आम्ही पाचशेच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवू लागलो.

कार्डाने पैसे दिले तर ही साडेतीनची पट धरू नये. तिथला दर बहुधा कार्ड कंपनी ठरवते, आणि त्यावर बँकेचे पुष्कळ कार्डांना साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिक शुल्क लागते. परतताना बँकॉकला थांबलो, तेव्हा एक बाट अडीच रुपयांच्या आसपास होता. तिथे औटकीऐवजी अडीचकी लावली: आकड्यापुढे एक शून्य द्यायचे आणि चारने भागायचे. 180 बाटचे 1,800 आणि त्याचा चौथा हिस्सा 450 रुपये, हे नणंदेने माझ्याआधीच सांगितले.